उचललंय की सारांश फसलाय? निबंध तपासताना फरक ओळखायचा कसा

बीएच्या पोरांचे इंटर्नलचे निबंध तपासायला घेतले की स्टाफरूममध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं, "सगळ्यांनी कॉपी मारलीय." आणि त्या एका वाक्यात दोन एकदम वेगळ्या गोष्टी गुंडाळल्या जातात. एका पोराने पुस्तकातलं वाक्य उचलून चार शब्द बदललेले असतात, दुसऱ्याने पुस्तक खरंच वाचून स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं असतं पण ते धड जमलेलं नसतं. दोघांनाही लाल पेनने "पुस्तकातून घेतले आहे" लिहून तेवढेच मार्क कापले, की दुसऱ्या पोराला कळतं ते एवढंच, की स्वतःच्या शब्दांत लिहिण्यात काही राम नाही, पुढच्या वेळी सरळ उचलावं.

तर हा फरक कागदावर कसा दिसतो ते एकाच उताऱ्यावर बघू. विषय आपल्या बेळगावातलाच घेते, १९२४ चं काँग्रेस अधिवेशन, कारण टिळकवाडीतली काँग्रेस विहीर बघितलेली असल्यामुळे प्रत्येक बॅचमध्ये दोनचार जण हा विषय घेतातच. खालचा मूळ उतारा मी पुस्तकी भाषेत स्वतः तयार केलाय, म्हणजे कुठल्या लेखकाला मध्ये ओढायला नको, पण त्यातली माहिती खरी आहे. त्यातले स्वराज्यवादी म्हणजे कायदेमंडळात जावं म्हणणारे आणि नाफेरवादी म्हणजे जाऊ नये म्हणणारे.

मूळ उतारा असा:

"डिसेंबर १९२४ मध्ये बेळगाव येथे भरलेले काँग्रेसचे अधिवेशन हे महात्मा गांधींनी अध्यक्षपद भूषविलेले एकमेव अधिवेशन होय. कायदेमंडळात शिरावे की नाही या प्रश्नावरून दुभंगलेल्या स्वराज्यवादी व नाफेरवादी गटांना एकत्र नांदविणे हे त्यांच्यापुढील खडतर आव्हान होते. त्यासाठी असहकाराचा कार्यक्रम स्थगित करण्यात आला आणि सभासदत्वासाठी दरमहा २००० यार्ड हातसूत देण्याची अट घालण्यात आली. मात्र आजारी अथवा कताईस अनुत्सुक सभासदाला दुसऱ्याने कातलेले सूत देण्याची मुभा होती."

आता पहिला विद्यार्थी लिहितो:

"१९२४ च्या डिसेंबरमध्ये बेळगाव इथे झालेले काँग्रेसचे अधिवेशन हे गांधीजी एकटेच अध्यक्ष असलेले अधिवेशन आहे. कायदेमंडळात जावे की नाही या मुद्द्यावरून दुभंगलेल्या स्वराज्यवादी व नाफेरवादी गटांना एकत्र ठेवणे हे त्यांच्यासमोरील कठीण आव्हान होते. त्यासाठी असहकाराचा कार्यक्रम तहकूब करण्यात आला आणि सभासद होण्यासाठी दर महिन्याला २००० यार्ड हातसूत देण्याची अट ठेवण्यात आली. परंतु आजारी किंवा कताईस नाखूश सभासदाला इतरांनी कातलेले सूत देण्याची सवलत होती."

आणि शेवटी कंसात पुस्तकाचं नाव, पान नंबर, सगळं व्यवस्थित.

दुसरी विद्यार्थिनी लिहिते:

"गांधीजी बेळगावला अध्यक्ष झाले तेव्हा काँग्रेसमध्ये भांडणं चालली होती. ती मिटवायला त्यांनी असहकार बंद करून टाकला आणि सगळ्यांना चरखा सक्तीचा केला. जो सूत कातणार नाही त्याला काँग्रेसमध्ये राहता येणार नव्हतं."

कंसात काहीच नाही.

वरवर बघणारा काय म्हणेल? पहिल्याने संदर्भ दिलाय, माहिती बरोबर आहे, भाषा पण बरी आहे, दे याला चौदा. दुसरीने संदर्भ दिला नाही, निम्मं चुकलंय, भाषा बोलीतली, दे सात. माझ्या मते हे उलटं झालं, निदान उचलेगिरी तपासायला बसलो असू तर.

पहिल्याचं आधी बघू. मी काय करते, मूळ उतारा आणि निबंध शेजारी शेजारी ठेवून पेन्सिलने जसेच्या तसे आलेले शब्द अधोरेखित करते आणि जिथे शब्द बदललाय तिथे गोल करते. पहिल्याच्या कागदावर हे केलं की चित्र लगेच दिसतं, चार वाक्यांची चार वाक्यं, त्याच क्रमाने, प्रत्येक वाक्याचा सांगाडा तोच. "शिरावे"चं "जावे", "प्रश्नावरून"चं "मुद्द्यावरून", "खडतर"चं "कठीण", "मुभा"ची "सवलत". पोराने वाक्य लिहिलेलंच नाही, वाक्यातले शब्द बदललेत. इंग्रजीत याला पॅचरायटिंग म्हणतात, रेबेका मूर हॉवर्ड नावाच्या अमेरिकन अभ्यासिकेने १९९० च्या दशकात हा शब्द रूढ केला, मूळ मजकुरातले काही शब्द गाळायचे, थोडं व्याकरण इकडचं तिकडे करायचं, एका शब्दाच्या जागी दुसरा बसवायचा, हे ते. मराठीत ठिगळलेखन म्हणू चालतंय.

आणि त्या "एकटेच अध्यक्ष"कडे बघा. मूळात आहे की गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेलं हे एकमेव अधिवेशन, म्हणजे आयुष्यात ते एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि ते इथे. पोराने "एकमेव"च्या जागी "एकटेच" बसवलं आणि अर्थ झाला की त्या अधिवेशनाला अध्यक्ष एकच होता, जणू बाकीच्या अधिवेशनांना दोन दोन अध्यक्ष असायचे. ही चूक फार बोलकी आहे, कारण ही वाचून समजून झालेली चूक नाहीच. वाक्याचा अर्थ डोक्यात गेला असता तर हा शब्द तिथे आलाच नसता. शब्द बघून शब्द टाकला की अशी चूक होते, एका शब्दापुरती, आणि आजूबाजूचं वाक्य एकदम टकाटक.

दुसरीच्या चुका बघा कशा वेगळ्या आहेत. तिचं एकही वाक्य मूळ वाक्यावर बसत नाही, पेन्सिलने अधोरेखित करायला गेलं तर "बेळगाव", "काँग्रेस", "असहकार", "सूत" एवढंच सापडतं आणि हे शब्द टाळून या विषयावर कुणालाच लिहिता येणार नाही. पण अर्थाच्या पातळीवर तीन ठिकाणी ती घसरली. भांडण कशावरून होतं तेच गायब झालं. "स्थगित"चा "बंद करून टाकला" झाला, म्हणजे तात्पुरतं थांबवणं आणि कायमचं संपवणं यातला फरक गेला. आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे मूळातलं शेवटचं वाक्य, "मात्र"पासून सुरू होणारं, ते तिने टाकूनच दिलं, त्यामुळे जी अट पळवाट ठेवून घातलेली होती ती सरसकट सक्ती झाली. खरं तर आजारी असेल किंवा कातायची इच्छा नसेल त्याला दुसऱ्याने कातलेलं सूत देऊन सभासद राहता येत होतं.

हा माझा सगळ्यात भरवशाचा निकष आहे. उचललेल्या मजकुरात मूळातल्या सगळ्या अटी, सगळे "मात्र" आणि "अथवा" जागच्या जागी असतात, कारण ते वाक्यासोबत आपोआप आलेले असतात. कच्च्या सारांशात पहिला बळी या अटींचाच जातो. पोरं वाचताना ठळक गोष्ट धरतात, शेपटाकडचा अपवाद सोडून देतात, आणि मग आठवणीतून लिहिताना ठळक गोष्ट आणखी ठळक होते. म्हणजे निबंधात सगळं जरा जास्तच बरोबर आणि नेमकं असेल, आणि अधेमधे एखादाच शब्द विचित्र बसला असेल, तर मूळ मजकूर शोधायला लागा. आणि निबंध ढोबळ असेल, अतिशयोक्ती असेल, अपवाद गळले असतील, तर पोराने बहुतेक स्वतःच लिहिलंय, त्याला सारांश शिकवायची गरज आहे. याला अपवाद असतात, हुशार पोरगी नेमकं लिहू शकतेच की, पण तिच्या नेमकेपणात वाक्यं तिची असतात.

आता कुणी म्हणेल एवढं पेन्सिल घेऊन कोण बसणार, सॉफ्टवेअरला लावा. युजीसीचे २०१८ चे नियम आहेत, त्यात प्रबंधासाठी सारखेपणाच्या टक्क्यांनुसार पायऱ्या आहेत, १० टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही, मग १० ते ४०, ४० ते ६०, आणि ६० च्या वर गेलं की नोंदणी रद्द होण्यापर्यंत. त्याच नियमांत सामान्य माहितीचे किंवा योगायोगाने जुळणारे सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडे मोजणीतून वगळायची सोय आहे. हे सगळं पीएचडीच्या प्रबंधांसाठी ठीक आहे, पण हाच आकडा आणून बीएच्या दोन पानी निबंधाला लावतात तेव्हा गंमत होते. वरच्या पहिल्या पोराच्या उताऱ्यात सलग जुळणारा सगळ्यात लांब तुकडा मोजा, "दुभंगलेल्या स्वराज्यवादी व नाफेरवादी गटांना एकत्र", सहा शब्द. बस्स. चौदाच्या जवळपासही नाही. मराठीत तर हे फारच सोपं आहे, कारण प्रत्यय शब्दालाच चिकटतो, "त्यांच्यापुढील"चं "त्यांच्यासमोरील" केलं, "येथे"चं "इथे" केलं की साखळी तुटली. म्हणजे अख्खा उतारा उचललेला असून रिपोर्ट स्वच्छ येऊ शकतो. आणि उलटं पण होतं, एखाद्या पोराने अवतरणचिन्हात, संदर्भ देऊन लांब उतारा घेतला आणि सेटिंगमध्ये अवतरणं वगळायची राहिली, तर प्रामाणिक पोराचा आकडा चढतो. त्यामुळे आकडा बघून मी फक्त एवढंच ठरवते की कुठल्या पानावर पेन्सिल आधी चालवायची.

आपल्या भागात आणखी एक प्रकार आहे जो पुण्या-मुंबईच्या मास्तरांना फारसा भेटत नसेल. आपली पोरं कन्नड वाचतात, शाळेत शिकलेली असतात, आणि या विषयावर कन्नडमध्ये साहित्यही भरपूर आहे, मग कन्नड पुस्तकातला परिच्छेद समोर ठेवून वाक्यागणिक मराठी करतात. शब्दांशी शब्द ताडून बघणारं सॉफ्टवेअर इथे आंधळं, कारण भाषाच बदलली. पण माणसाच्या डोळ्याला खुणा दिसतात. परवा एका निबंधात पहिली दोन पानं "हुबळी" होतं आणि तिसऱ्या पानावर एकदम "हुब्बळ्ळी" झालं, त्याच परिच्छेदात "गंगूबाई हानगल" यांनी लहान असताना अधिवेशनात गायल्याचं लिहिलेलं. मराठीत "हनगल" असंही लिहितात, "हानगल" हे कन्नड स्पेलिंगशी जास्त जुळतं. तेवढ्यावरून मी आरोप करत नाही हां, सीमाभागात निम्म्या पोरांच्या तोंडी दोन्ही रूपं असतात, आणि पाट्या तर कन्नडमध्येच बघून मोठी झालीत ती. पण असं रूप एकाच परिच्छेदात दाटीने आलं, आणि वाक्यंही तिथेच लांब आणि ठाकठीक झाली, तर विचारायला हरकत नाही.

मी विचारलं. म्हटलं, "हा भाग कुठून घेतलास रे?"

"कन्नड पुस्तकातून मॅडम, पण भाषांतर मीच केलंय, एक शब्द कॉपी नाही."

तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या हिशोबाने भाषांतर करणं म्हणजे स्वतः लिहिणंच होतं, दोन तास घाम गाळलेला त्याने. त्याला सांगावं लागलं की मेहनत तुझी, पण काय आधी सांगायचं, काय मागून, कुठला दाखला द्यायचा, हे सगळं त्या लेखकाने ठरवलंय, आणि तू फक्त भाषा बदललीस. मग दोन वाटा आहेत, एक तर ते भाषांतर म्हणूनच दाखव, अवतरणात घाल, पुस्तक-पान दे आणि "भाषांतर माझं" असं लिही, नाहीतर पुस्तक मिटून त्यातलं तुला काय समजलं ते तुझ्या क्रमाने लिही, आणि संदर्भ तरीही दे.

संदर्भाचा घोळ इथेच आहे. पोरांना वाटतं (आणि काही मास्तरांनाही) की परिच्छेदाच्या शेवटी कंस टाकला की आतलं सगळं माफ. तसं नसतं. कंसातला संदर्भ एवढंच सांगतो की माहिती किंवा विचार कुणाचा. शब्द कुणाचे ते अवतरणचिन्ह सांगतं. पहिल्या पोराने कंस दिला म्हणजे त्याने चोरी लपवली नाही, हे त्याच्या बाजूने मी धरते आणि धरायलाच पाहिजे, पण अवतरणचिन्ह नसल्यामुळे वाचणारा असंच समजणार की वाक्यं त्याची आहेत, आणि ती त्याची नाहीत. दुसरीच्या निबंधात संदर्भच नाही, हा तिचा दोष आहेच, कारण २००० यार्डाची अट वगैरे ही काही सगळ्यांना ठाऊक असलेली माहिती नाही. बेळगावात १९२४ ला अधिवेशन झालं, गांधीजी अध्यक्ष होते, याला संदर्भ नाही दिला तरी चालतं, ते इथल्या पाचवीच्या पोराला पण माहीत असतं.

जमलेला सारांश कसा दिसतो ते पण बघू, नाहीतर पोरं म्हणणार नुसत्या चुका काढता:

"बेळगावला गांधीजींसमोरचा खरा प्रश्न काँग्रेस फुटू न देण्याचा होता, कारण कायदेमंडळात जायचं की नाही यावरून दोन तट पडले होते. म्हणून एका बाजूने असहकार तात्पुरता बाजूला ठेवला गेला आणि दुसऱ्या बाजूने सभासदांकडून दर महिन्याला २००० यार्ड सूत मागितलं गेलं, ज्याला कातायचं नाही किंवा जमत नाही त्याने दुसऱ्याचं दिलं तरी चालणार होतं (पुस्तक, पान). म्हणजे अट वरून कडक दिसली तरी आत ढिलाई ठेवलेली होती."

चार वाक्यांची दोन झाली, एकमेव अध्यक्षपदाचा मुद्दा गाळला कारण या परिच्छेदाला तो लागत नव्हता, अपवाद मात्र राखला. आणि कंस कुठे आहे ते बघा, शेवटच्या वाक्याच्या आधी. कंसापर्यंतचं पुस्तकाचं, कंसानंतरचं "म्हणजे" माझं, असं वाचणाऱ्याला न सांगता कळतं. हा छोटा बदल, कंस परिच्छेदाच्या टोकाला न टाकता जिथे पुस्तक संपतं तिथे टाकायचा, मी पोरांकडून सगळ्यात आधी करून घेते.

ठिगळलेखन करणारा पोरगा लबाड असतो का? बहुतेक वेळा नसतो. एक तर त्याला उतारा समजलेला नसतो, "नाफेरवादी" म्हणजे काय ते माहीत नाही, मग त्या शब्दाला हात लावायची भीती वाटते आणि तो तसाच राहतो. वरच्या निबंधात बघा, सोपे शब्द बरेच बदललेत, अवघड दोन तसेच आहेत. नाहीतर वहीत नोट्स काढताना पुस्तकातलं वाक्य अवतरणचिन्ह न टाकता उतरवलेलं असतं आणि पंधरा दिवसांनी वही उघडली की ते स्वतःचंच वाटतं. याला मी निष्काळजीपणा म्हणते. आणि हॉवर्ड आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये विद्यार्थ्यांचे १८ निबंध मूळ स्रोतांशी ताडून बघितले, त्यांना एकाही निबंधात स्रोताचा खरा सारांश सापडला नाही, पोरं सगळी एकेका वाक्यावर काम करत होती, वाक्य घ्यायचं, उतरवायचं नाहीतर फिरवायचं. ती पण अमेरिकन कॉलेजातली पोरं, म्हणजे हा आपल्याकडचाच रोग नाही.

नेमकं काय झालंय ते शोधायला दोन मिनिटं पुरतात. पोराला जवळ बसवायचं, निबंध आणि पुस्तक दोन्ही मिटायचं, आणि एकच प्रश्न, "दोन गट कशावरून भांडत होते?" दुसरीला विचारलं तर ती कदाचित म्हणेल, "निवडून जायचं की नाही त्यावरून ना मॅडम?" म्हणजे तिला माहीत होतं, लिहिताना गळलं, तिला एवढंच सांगायचं की मूळात "मात्र", "पण", "अपवाद" दिसला की त्याच्यापुढे चौकोन कर आणि सारांश लिहून झाल्यावर चौकोन मोज, सगळे आले का बघ. पहिल्याला विचारलं आणि तो गप्प बसला तर उतारा समजलेला नाही, आधी उतारा समजावा, मग लिहून घ्या. आणि तो धडाधड सांगायला लागला तर म्हणायचं, "हेच लिही की, आत्ता बोललास तसंच." आणि जो पोरगा विचारलं की डोळे चुकवतो, पुस्तक कुठलं तेच सांगत नाही, कंसात दिलेलं पान उघडलं तर तिथे भलतंच काहीतरी निघतं, तो तिसरा प्रकार, तिथे निष्काळजीपणा म्हणून सोडायचं कारण नाही.

मार्कांचं म्हणाल तर मी २० चे दोन भाग करते, १२ समज आणि सारांशाचे, ८ श्रेय देण्याचे, आणि दोन्ही वेगळे लिहिते, म्हणजे पोराला कळतं कुठे गेले. पहिल्याला समजेचे मार्क मी सध्या देतच नाही, शून्य पण नाही, जागा मोकळी, कारण त्याची समज कागदावर आलेलीच नाही तर तपासू काय? तो परिच्छेद आठवड्यात परत लिहून आणला की मगच ते भरतात. श्रेयाचे ८ पैकी ४, कंस खरा होता म्हणून. दुसरीला समजेचे १२ पैकी ६, आणि श्रेयाचे २, संदर्भ नाही पण शब्द स्वतःचे आहेत म्हणून. शेऱ्यात तिला "पुस्तकातून घेतले" असं चुकूनही लिहीत नाही, लिहिते, "अपवाद राहिला, पान नंबर टाक."